प्रथम वर्षासाठी व्याकरणाचा ब्रिज कोर्स: विभागप्रमुखांना पाठवायचा मेल तपासून द्याल का?

शब्दसाखळी

नमस्कार मंडळी. मी पदवी महाविद्यालयात मराठी शिकवते. प्रथम वर्षासाठी व्याकरणाचा ब्रिज कोर्स सुरू करावा असा प्रस्ताव विभागप्रमुखांना मेलवर द्यायचा आहे. सर विरोधात नाहीत, पण कागद पक्का असल्याशिवाय पुढे सरकवत नाहीत. वेळापत्रक समिती लवकरच बसेल, त्याआधी मेल जायला हवा. मसुदा असा आहे:

> विषय: प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे व्याकरण सुधारण्याबाबत
>
> माननीय महोदय,
> सविनय नमस्कार. अलीकडे प्रथम वर्षास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे मराठी लेखन अत्यंत अशुद्ध असते, हे आपण जाणताच. शाळेत व्याकरणाकडे झालेले दुर्लक्ष, वाचनाचा अभाव आणि मोबाइलचा अतिवापर ही त्याची कारणे आहेत. यावर उपाय म्हणून ३० तासांचा ब्रिज कोर्स सुरू करावा असे वाटते. त्यात वर्णविचार, शब्दांच्या जाती, विभक्ती, काळ, प्रयोग, संधी, समास, अलंकार, वृत्ते, विरामचिन्हे आणि शुद्धलेखनाचे १८ नियम शिकवता येतील. शेवटी ५० गुणांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. आपली परवानगी मिळावी, ही विनंती.

एवढ्यावर होकार मिळेल का? ३० तास जास्त होतात का? आणि यातलं काय गाळू?

उंबरठा

विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसून वाचलं. मेल वाचून मला तीन गोष्टी कळायला हव्यात: किती विद्यार्थी, आठवड्याचा कोणता तास, शिकवणार कोण. तिन्ही तुमच्या मसुद्यात नाहीत. मग मी "पाहू" असं उत्तर देतो आणि विषय तिथेच राहतो.

"आपण जाणताच" हे वाक्य काढा. प्रमुखांना ठाऊक असेल, पण त्यांना हा मेल प्राचार्यांपुढे ठेवायचा असतो आणि तिथे हे वाक्य काही सिद्ध करत नाही. कारणांचं वाक्यही काढा. मोबाइल, वाचन, शाळा यांतलं एकही विभागाच्या हातात नाही. कारणं लिहिली की चर्चा कारणांवर होते आणि तासिकेचा विषय मागे पडतो.

विषयाची ओळही बदला. "सुधारण्याबाबत" वाचून कोणाला काय मंजूर करायचं ते समजत नाही. परवानगी कशाची, किती तासिकांची, कोणत्या वर्गासाठी, हे विषयातच यावं.

तिसरा_बाक

३० तास अजिबात कमी करू नका ताई. नॅकसाठी ३० तासांच्या खालचा कोर्स धरतच नाहीत. १२-१५ तासांचा केलात तर सगळी मेहनत वाया. आणि १८ नियम तर हवेतच, १९७२ पासून तेच प्रमाण आहेत. एका तासाला एक नियम, १८ तास तिथेच भरतात.

सायंकाळ७

स्पर्धा परीक्षेसाठी असेल तर समास आणि अलंकार ठेवाच, त्यावर हमखास प्रश्न येतात. वृत्तंही विचारतात. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या.

शब्दसाखळी

@सायंकाळ७, स्पर्धा परीक्षेसाठी नाही हो. मुलांना उत्तरपत्रिकेत आणि प्रकल्पात स्वतःची चार वाक्यं नीट लिहिता यावीत, एवढाच हेतू आहे.

उंबरठा

@तिसरा_बाक, ३० तासांची अट मूल्यवर्धित किंवा प्रमाणपत्र कोर्ससाठी आहे. ब्रिज कोर्स तिथे दाखवायची सक्ती नाही. महाविद्यालय विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी कशी तपासतं आणि मागे असलेल्यांसाठी, पुढे असलेल्यांसाठी काय करतं, असा वेगळा मुद्दा असतो. ब्रिज कोर्स त्या मुद्द्याखाली बसतो. तिथे तासांची अट नाही, पुरावा लागतो: आधीची चाचणी, विद्यार्थ्यांची यादी, वेळापत्रक, हजेरी, नंतरची चाचणी. ही पाच कागदं असतील तर १२ तासिकांचा कोर्सही चालतो. ती नसतील तर ३० तासांचाही चालत नाही.

जोडाक्षर

१८ नियम एकदम आलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, आणखी ४ ची भर १९७२ मध्ये पडली. मसुद्यात वर्ष घालणार असाल तर नीट घाला, मराठी विभागातच मेल जाणार आहे.

पण एका तासाला एक नियम ही योजना चालणार नाही. काही नियम मुलांच्या लेखनात आठवड्याला एकदाही लागत नाहीत आणि काही दर ओळीला लागतात. सगळ्यांना सारखा तास देऊन काय साधणार?

खडूफळा

मला वाटतं मेल लिहायच्या आधी एक काम करा. अभ्यासक्रम ठरवण्याआधी चुका मोजा.

श्रुतलेखन घेऊ नका. त्यात ऐकण्याची परीक्षा होते आणि वाक्यरचना तुमचीच असते, त्यामुळे तिथल्या चुका दिसतच नाहीत. रिकाम्या जागा भरा, योग्य पर्याय निवडा, हेही नको. ज्या मुलाला पर्यायात "गरिबांना" ओळखता येतं तोच मुलगा स्वतः लिहिताना "गरीबांना" लिहितो. साधा विषय द्या, १५० शब्द, २० मिनिटं, फोन बंद. मग प्रत्येक कागदावर चुकांवर खूण करून प्रकार लिहा. एका कागदाला पाच मिनिटं धरली तर ६० कागदांना पाच तास लागतात. वर्ग १२० चा असेल तर हजेरीपटावरचा दर चौथा क्रमांक घ्या, ३० कागद पुरतात.

नमुन्यासाठी मी एक परिच्छेद रचला आहे. चुका नेहमी दिसतात त्याच आहेत.

> ग्रंथालयात गरीब विद्यार्थ्यां साठी पुस्तके कमी आहेत. गरीबांना विकत घेणे परवडत नाही. ग्रंथपालानी विद्यार्थ्यांच्या अडचणींचा विचार केल्या पाहिजेत. कारण की परिक्षा जवळ आल्या मुळे म्हणून मुले काळजीत असतात.

२८ शब्दांत सात चुका. लाल शाईने सात गोल केले की पान रक्तबंबाळ दिसतं आणि मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. आता त्याच चुका जरा शेजारी शेजारी मांडून बघू.

"विद्यार्थ्यां साठी" आणि "आल्या मुळे" यांत शब्दयोगी तोडलं आहे. "गरीबांना" मध्ये प्रत्यय लागताना री ऱ्हस्व व्हायला हवी होती. "ग्रंथपालानी" वर आदरार्थी अनेकवचनाचा अनुस्वार राहिला. या चार चुका पाठ्यपुस्तकात चार वेगळ्या प्रकरणांत असतील, पण चारही एकाच ठिकाणी घडतात: प्रत्यय किंवा शब्दयोगी लागण्यापूर्वी शब्दाचं रूप बदलतं, तिथे. म्हणजे सामान्यरूपात. सातांपैकी चार चुका एका प्रकरणाने हाताळता येतात.

उरल्या तीन. "विचार केल्या पाहिजेत" हा क्रियापदाचा मेळ चुकला. "कारण की… म्हणून" यात एकाच कामासाठी दोन जोडण्या आल्या. "परिक्षा" हा तत्सम शब्द, तो डोळ्यांना ओळखीचाच करून द्यावा लागतो.

यात समास नाही, अलंकार नाही, वृत्त नाही. तुमच्या विद्यार्थ्यांची मोजणी वेगळी निघू शकते, म्हणूनच मोजा. पण मला वाटतं फार वेगळी निघणार नाही.

तिसरा_बाक

"गरिबांना" कसं बरोबर? मूळ शब्द गरीब आहे ना, दीर्घच. मूळ शब्द बदलायचा नाही असं शिकलोय.

जोडाक्षर

तत्सम शब्दांपुरतं बरोबर शिकलात. शरीर, शरीराला. गीत, गीतात. तिथे दीर्घ तसाच राहतो. पण मराठी शब्दांत, आणि गरीब, वकीलसारख्या मराठीत रुळलेल्या शब्दांत, शेवटून दुसरी ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होते: गरीब, गरिबाला. वकील, वकिलाला. फूल, फुलाला. सून, सुनेला. उच्चारून पाहा, कानालाही फरक लागतो.

@खडूफळा, इथेच कोर्सचा खड्डा आहे. हा नियम शिकवला की पुढच्या आठवड्यात "शरिराला" आणि "गितात" यायला लागतं. आधी न होणारी चूक नियमामुळे होते. "परिक्षा" सुद्धा तशीच आहे. किडा, विळी, पाहिजे यांत शेवटून दुसरी इ ऱ्हस्व असते, ती सवय मुलाने परीक्षेला लावली. त्याला नियम कळलाय, तो कुठे थांबतो ते कळलेलं नाही.

खडूफळा

मान्य. म्हणून नियम आणि त्याची हद्द एकाच तासिकेत यायला हवी. फळ्यावर दोन रकाने: एकात गरीब, वकील, फूल, वीट, दुसऱ्यात शरीर, गीत, परीक्षा, सूत्र. कोणता शब्द तत्सम हे प्रथम वर्षाच्या मुलाला ओळखता येईलच असं नाही, आणि तत्सम ओळखायला शिकवणं हा आणखी एक कोर्स होईल. त्यापेक्षा उत्तरपत्रिकेत सारखे येणारे ३० ते ४० तत्सम शब्द निवडा आणि तेवढेच पक्के करून घ्या.

बेरीज

वाणिज्य शाखेत आम्हाला हीच अडचण आहे, पण आमची मुलं अर्ज आणि अहवालात अडकतात. ब्रिज कोर्समध्ये अर्जाचा नमुना, इतिवृत्त, पत्रव्यवहार घेता येईल का? आम्हाला व्याकरणापेक्षा ते उपयोगी पडेल.

उंबरठा

@बेरीज, तो उपयोजित लेखनाचा कोर्स झाला. चांगला आहे, पण याच्यात मिसळला तर दोन्ही पातळ होतील. तुमच्या शाखेतून वेगळा प्रस्ताव द्या.

@शब्दसाखळी, यावरून आठवलं. प्रमुख विचारतील की उपचारात्मक वर्ग आधीच आहेत, मग हे वेगळं कशाला? उत्तर मेलमध्येच ठेवा. उपचारात्मक वर्ग सत्र सुरू झाल्यावर मागे पडलेल्यांसाठी असतात. ब्रिज कोर्स सुरुवातीलाच सगळ्या तुकडीला असतो. त्यामुळे "कच्च्यांचा वर्ग" असा शिक्का बसत नाही.

जोडाक्षर

मेळाचं कसं शिकवणार? कर्तरी, कर्मणी, भावे अशी नावं पाठ करून घेतली तर पहिल्या दहा मिनिटांत वर्ग हातातून जातो.

खडूफळा

नावं नकोत. एकच प्रश्न विचारायला लावायचा: वाक्यात कोणत्या नामाला काहीच चिकटलेलं नाही? "ग्रंथपालांनी" ला नी चिकटलं. "अडचणींचा" ला चा चिकटलं. "विचार" मोकळा आहे. क्रियापद त्या मोकळ्या नामाच्या मागे जातं, म्हणून "विचार केला पाहिजे". "केल्या पाहिजेत" लिहिणारा मुलगा जवळच्या "अडचणी" कडे बघून लिहितो. एकही नाम मोकळं नसेल, जसं "शिक्षकांनी मुलांना बोलावले", तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात येतं.

आणि हे आधीच्या भागाला जोडलेलं आहे. कोणत्या नामाला काय चिकटलंय हे दिसायला सामान्यरूप दिसावं लागतं. म्हणून क्रम उलटा करू नका: आधी सामान्यरूप, मग मेळ.

जोडाक्षर

"मी चिठ्ठी लिहिली." मी मोकळा, चिठ्ठी मोकळी. आता?

खडूफळा

हा अपवाद आहे आणि तो आधीच सांगून टाकायचा. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना अशा वाक्यात ने, नी दिसत नाही, पण आहे असं धरायचं. "मी" च्या जागी "तिने" घालून पाहिलं की कळतं: तिने चिठ्ठी लिहिली. मग चिठ्ठीच मोकळी उरते.

शब्दसाखळी

हे फार उपयोगी आहे. एक विचारते. शब्दयोगी जोडायचं कधी हे मुलांना कसं सांगू? "वर", "पुढे", "मागे" हे शब्द एकटेही येतात, त्यामुळे तोडलेलं त्यांना चूक वाटत नाही.

खडूफळा

आधीचा शब्द एकटा उभा राहतो का, ते विचारा. "विद्यार्थ्यां" असा शब्द एकटा कुठे येत नाही, म्हणजे त्याला पुढचा शब्द चिकटायलाच हवा. "आल्या मुळे" मध्ये ही कसोटी फसेल, कारण "मुली आल्या" असं वाक्य होतं. तिथे "मुळे" कडे बघायचं, कारण सांगणारं "मुळे" एकटं येत नाही. "तो वर गेला" मध्ये "तो" चं रूप बदललेलं नाही आणि "वर" कुठे गेला ते सांगतं. तिथे तोडलेलंच बरोबर.

रानवाट

"नदी वर पूल" याचं काय? नदी एकटी उभी राहते आणि वर सुद्धा एकटं येतं.

खडूफळा

बरोबर पकडलंत, नदीचं रूप एकवचनात बदलत नाही. तिथे शब्द बदलून पाहायचा. नदीच्या जागी "डोंगर" ठेवा. "डोंगरा" असं रूप होतं, म्हणजे जोडायचं: डोंगरावर. मग नदीवरही. मुलांकडे असे दोन-तीन पर्यायी शब्द तयार असले की कसोटी चालते. फोनवर टंकताना शब्द सुचवणारी पट्टी "विद्यार्थ्यांसाठी" चे दोन तुकडे करून देते, तेव्हाही हीच कसोटी कामाला येते.

रानवाट

वरची मोजणी वाचली. एक गोष्ट खटकते. नमुन्यात "आनि", "पानी" अशा खुणा नाहीत, पण प्रत्यक्ष कागदांत त्या भरपूर येतील. त्या चुकांत धरणार का? मूल घरी तसंच बोलतं. त्याच्या बोलीत तो उच्चारच आहे. त्याच्यावर लाल गोल केला तर तुम्ही त्याच्या घरच्या बोलण्याला चूक ठरवता. शिवाय "गरीबांना" लिहिणं आणि "आनि" लिहिणं एका जातीचं नाही. पहिल्यात नियम लागला नाही, दुसऱ्यात कान आणि लिपी वेगळ्या वाटेने गेले.

जोडाक्षर

बोलण्याला चूक कोणी म्हणत नाही. पण उत्तरपत्रिका तपासणारा "आनि" ला खूण करणारच आणि गुण मुलाचे जाणार. कोर्समध्ये गप्प बसून त्याचं भलं होत नाही. मी मोजणीत धरेन.

रानवाट

गप्प बसा म्हणत नाही. वेगळा रकाना करा. एकूण चुकांत मिसळलंत तर ज्या मुलांची बोली प्रमाण भाषेपासून लांब आहे त्यांचा आकडा सुरुवातीलाच फुगेल आणि यादीत तीच मुलं सगळ्यात कच्ची दिसतील. वाक्यरचना त्यांची उत्तम असू शकते.

उंबरठा

रकाना वेगळा ठेवा, इतपत मी रानवाटांच्या बाजूने. धोरण म्हणून काय ठरवायचं ते विभागाच्या बैठकीत ठरू द्या. मेलमध्ये हा वाद आणू नका, नाहीतर प्रस्ताव बाजूला राहील.

आता तासांचं. प्रथम वर्षाचे प्रवेश लांबतात. पहिल्याच आठवड्यात कोर्स सुरू केला तर उशिरा आलेली मुलं सामान्यरूपाच्या पायालाच मुकतात. चौथ्या आठवड्यापासून आठवड्याला दोन तासिका, सहा आठवडे, म्हणजे ४८ मिनिटांच्या १२ तासिका. पाच सामान्यरूपाला, तीन मेळाला, दोन जोडण्यांना, एक तत्सम यादीला, एक पुनर्लेखनाला. ६० ची तुकडी असेल तर ३० चे दोन गट हवेत, कारण मुलांनी स्वतः लिहिलेलं तिथल्या तिथे बघावं लागतं. दोन गट म्हणजे तुमच्या डोक्यावर २४ तासिका, हा आकडा लपवू नका.

"शिकवणार कोण" याचं उत्तर नावासकट द्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार असतो. तुमचा भरलेला असेल तर हे त्याच्यावर येणार. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांकडे सोपवायचा विचार असेल तर आधी मानधनाचं विचारा. मंजूर कार्यभाराबाहेरच्या तासांचे पैसे त्यांना मिळणार नसतील तर तसं करू नका.

तिसरा_बाक

श्रेयांक नाहीत तर मुलं येणार का? दोन आठवड्यांनी वर्गात पाच जण उरतील. अंतर्गत गुणांत १० गुण ठेवा, सगळे येतील.

उंबरठा

अंतर्गत गुणांची विभागणी अभ्यासमंडळाने ठरवलेली असते, विभागप्रमुख मेलवर बदलू शकत नाहीत. पण भीती खरी आहे. उपाय असा: मुलांना गृहपाठ द्यायचाच असतो. पहिला गृहपाठ कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात परत करा, खुणा करून. शेवटच्या तासिकेत तोच गृहपाठ सुधारून लिहायचा. नवे गुण नाहीत, नियमाला धक्का नाही, आणि येण्याचं कारण मुलाच्या हातात असतं.

शब्दसाखळी

आणि शेवटची ५० गुणांची परीक्षा?

खडूफळा

ती काढा. कोर्स संपला त्याच दिवशी घेतलेली परीक्षा नेहमी छान निघते, कारण नियम ताजे असतात आणि प्रश्न त्याच नियमांवर असतात. तीन आठवडे जाऊ द्या. मग पहिल्यासारखंच नवं लेखन, १५० शब्द, २० मिनिटं, विषय वेगळा. तीच मोजणी, दर १०० शब्दांमागे किती चुका.

यात एक फसगत होते. चुका कमी दिसतात, पण मुलं घाबरून तीन-तीन शब्दांची वाक्यं लिहायला लागलेली असतात. "पुस्तके कमी आहेत. परीक्षा जवळ आहे. मुले काळजीत आहेत." चूक एकही नाही आणि लेखनही नाही. म्हणून दोन्ही वेळा एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत तेही मोजा. चुका कमी झाल्या आणि वाक्यं आखडली, तर कोर्स फसला असं समजा.

आणि पहिले दहा कागद दोन शिक्षकांनी वेगवेगळे तपासावेत. "कारण की" एकाला चूक वाटते, दुसऱ्याला चालते. असे मतभेद त्या दहा कागदांतच मिटवून यादी करा, नाहीतर आधीची मोजणी एका हाताची आणि नंतरची दुसऱ्या हाताची होईल.

शब्दसाखळी

सगळ्यांचे आभार. चाचणी या आठवड्यात घेते. आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून मेल पुन्हा लिहिला:

> विषय: प्रथम वर्ष, मराठी: १२ तासिकांच्या व्याकरण ब्रिज कोर्ससाठी परवानगी व दोन गटांना आठवड्याला प्रत्येकी दोन तासिका मिळण्याबाबत
>
> माननीय सर,
> सविनय नमस्कार.
> प्रथम वर्षाच्या ____ विद्यार्थ्यांकडून १५० शब्दांचे स्वतंत्र लेखन घेतले. दर १०० शब्दांमागे सरासरी ____ चुका आढळल्या. त्यांपैकी ____ चुका सामान्यरूपाशी आणि ____ क्रियापदाच्या मेळाशी संबंधित आहेत. प्रकारवार तक्ता सोबत जोडला आहे. त्यात विद्यार्थ्यांची नावे नाहीत.
>
> या दोन प्रकारांवर मुख्य भर देऊन सत्राच्या चौथ्या आठवड्यापासून सहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका, असा कोर्स घ्यावा अशी विनंती आहे. तो संपूर्ण तुकडीसाठी असेल, त्यामुळे सध्याच्या उपचारात्मक वर्गांना तो पर्याय ठरणार नाही. तुकडीचे दोन गट करावे लागतील. दोन्ही गटांच्या मिळून २४ तासिका मी स्वतः घेईन. वेगळे गुण किंवा प्रमाणपत्र नसेल. पहिल्या गृहपाठाचे पुनर्लेखन हाच शेवटचा उपक्रम राहील.
>
> कोर्स संपल्यावर तीन आठवड्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा लेखन घेऊन चुकांचे प्रमाण आणि वाक्यांची लांबी यांची तुलना आपल्याकडे सादर करीन. फरक दिसला नाही, तर पुढील वर्षी कोर्स चालू ठेवण्याचा आग्रह राहणार नाही.
>
> वेळापत्रक समितीच्या बैठकीपूर्वी दोन्ही गटांच्या तासिकांना आपली संमती मिळावी.
> आपली विश्वासू,

उंबरठा

आता याच्यावर सही करता येते. प्राचार्यांना किंवा गुणवत्ता कक्षाला प्रत लावू नका, ते प्रमुखांनी करायचं. आणि "आग्रह राहणार नाही" हे वाक्य असू द्या, त्यानेच होकार सोपा होतो.

जोडाक्षर

"दोन तासिका मिळण्याबाबत" च्या आधी हवे ते वार सुचवा. तुम्ही नाही सुचवलेत तर समिती शनिवारचा शेवटचा तास देईल आणि वर्गात फक्त बाकं हजर असतील :)

तिसरा_बाक

३० तासांचं मला अजून पटलेलं नाही. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र कोर्स करायचा झाला तर हेच १२ तास त्यात धरता येतील का?

उंबरठा

मांडणी, हजेरी आणि मूल्यमापन सुरुवातीपासून तसं ठेवलं असेल तर पुढच्या वर्षी ३० तासांचा नवा कोर्स आखताना हा मजकूर वापरता येईल. झालेले तास मागाहून धरता येणार नाहीत.

रानवाट

तक्त्यात बोलीचा रकाना आहे का?

शब्दसाखळी

आहे, वेगळा, आणि एकूण चुकांत मिळवलेला नाही. तपासनीस खूण करतोच हा जोडाक्षर यांचा मुद्दाही सुटलेला नाही. पुनर्लेखनाच्या तासिकेत हे शब्द प्रमाण लेखनात कसे येतात ते दाखवून देईन, पण गुण-दोष न लावता ते नेमकं कसं करायचं हे अजून ठरत नाहीये.

रानवाट

मुलांनाच दोन रकाने करायला सांगा, घरी कसं म्हणतो आणि कागदावर कसं लिहितो. पहिला रकाना त्यांनी भरायचा, दुसरा तुम्ही. ण आणि न पुरतं चालेल, श-ष ला चालेल का ते माहीत नाही, कारण तिथे बहुतेकांच्या उच्चारात फरकच उरलेला नाही.

जोडाक्षर

श-ष तत्सम यादीतच टाका. विशेष, भाषा, विषय, शेष. नजरेनेच बसेल.

बेरीज

खडूफळा, ती ३० ते ४० शब्दांची यादी तयार झाली की इथे टाकाल का? आमच्या शाखेसाठी त्यात "वार्षिक", "आर्थिक", "परीक्षण" घालून वापरेन.

खडूफळा

टाकतो. पण आधी शब्दसाखळींचे कागद तपासून होऊ देत. यादी त्यांच्या मुलांनी चुकवलेल्या शब्दांवरून करू.